गेट परत आलं, तेव्हा टाका शाबूत होता

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकता लागलेला, आणि सकाळी शेड उघडतोय तोच टेम्पोतून एक गेटचा पल्ला उतरवला. बघितल्या बघितल्या ओळखला. वर्षभरापूर्वी मीच त्याची वरची बिजागरी पुन्हा वेल्ड केली होती. ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, आत १० एमएमचे चौकोनी बार, खाली पत्रा, साध्या लोखंडाचं, म्हणजे एमएसचं, घराचं गेट. बिजागरी परत सुटली होती. आपण केलेलं काम असं परत आलं की पोटात खड्डा पडतो, माझा तरी पडतो.

काकू सोबत आल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, पण म्हणाल्या, "अरे, या वेळी जरा जाड रॉड लाव बाबा, आणि भरपूर भर. मागच्या वेळी कमी पडला वाटतं."

हे काकूच म्हणतात असं नाही, दहातले नऊ गिऱ्हाईक हेच म्हणतात आणि आपल्यातले बरेच वेल्डरही मनातून हेच मानतात, की वेल्डिंग तुटलं म्हणजे रॉड बारीक होता किंवा हलका होता. मीही मानायचो. म्हणून त्या दिवशी ग्राइंडर हातात घ्यायच्या आधी पल्ला दोन घोड्यांवर आडवा टाकला आणि तुटलंय नेमकं कुठे ते तारेच्या ब्रशने साफ करून नीट बघितलं.

माझा वेल्डिंगचा टाका तुटलाच नव्हता. बिजागरीच्या ८ एमएम पट्टीला तो जसाच्या तसा चिकटलेला होता, मस्त जाड, आणि त्याच्या कडेकडेने पाइपची भिंतच फाटून निघाली होती, जसा वहीचा कागद स्पायरलच्या भोकांशी फाटतो तसा. टाक्याबरोबर पाइपचा तुकडाही आला होता.

मागच्या वर्षी मी काय केलं होतं ते मला आठवतंय, कारण तेव्हा जवळपास सगळ्या कामाला तेच करायचो. दहा नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ एमएम, मशीन ११० अँपिअरच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंनी एक-एक भरघोस रन. दिसायला छान दिसलं होतं.

आता एक हिशोब सांगतो, मी तो त्या दिवशी पत्र्यावर खडूने मांडला. पल्ला ५ फूट रुंद, वजन ६० किलोच्या आसपास, दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ४ फूट. पल्ल्याचं वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अडीच फुटांवर लोंबतंय असं धरा. मग वरची बिजागरी बाहेर ओढणारा जोर होतो ६० गुणिले अडीच भागिले ४, म्हणजे साधारण ३७ किलो. टोकाला एखादं ३० किलोचं पोर लोंबकळलं (आणि लोंबकळतंच, प्रत्येक घरात) तर ३० गुणिले ५ भागिले ४, अजून ३७. सगळं मिळून ७५ किलो. दाणकन आपटलं की क्षणभर दुप्पट-तिप्पट धरा.

आता टाक्याकडे बघा. पट्टी ७५ एमएम लांब, दोन्ही बाजूंनी टाका म्हणजे १५० एमएम, आणि टाक्याची सगळ्यात अरुंद जाडी २ एमएम जरी धरली तरी ३०० चौरस मिलिमीटर होतात. साधा ६०१३ चा रॉड चौरस मिलिमीटरला ४२ किलोच्या आसपास ताण घेऊन मग तुटतो. म्हणजे टाका फाटायला बारा टनांच्या घरात जोर पाहिजे. त्याचा सहावा भागच वापरायचा ठरवला तरी दोन टन. आणि आपल्याकडे जोर आहे ७५ किलो, आपटल्यावर दोनशे! रॉडची ताकद इथे कधी प्रश्नच नव्हता, आणि अजून ताकदीचा किंवा अजून जाड रॉड लावून तो सुटणारही नव्हता.

मग सुटलं का? फाटलेली कड कापून व्हर्नियर लावला. पाइप मूळ २ एमएमचा, आपण ज्याला चौदा गेज म्हणतो तो. आतून गंज खाऊन फाट्याजवळ १.३ राहिला होता. आणि टाक्याच्या कडेला पाइपमध्ये एक बारीक नाली होती, नखाने लागेल अशी, अर्ध्या एमएमची. अंडरकट. तो गंजाचा नव्हता, तो माझा होता. जाड रॉड आणि जास्त करंट पातळ भिंतीवर चालवला की आर्क पाइपची कड वितळवून खाते आणि ती जागा भरून यायच्या आत आपण पुढे गेलेलो असतो. म्हणजे १.३ मधून ०.५ गेले, उरले ०.८. त्यात बिजागरीची पट्टी पाइपच्या ४० एमएमच्या तोंडावर बरोबर मध्यभागी उभी होती, त्यामुळे गेट उघडलं-मिटलं की ती भिंत डब्याच्या झाकणासारखी आतबाहेर व्हायची, आणि वाकत होती नेमकी त्या नालीच्या रेषेत. दिवसातून वीस वेळा, वर्षभर. तार वाकवून वाकवून तोडतो तसं ते तुटलं.

तर रॉड निवडताना मी आता पहिल्यांदा बघतो ते पातळ बाजूला. दोन तुकडे जोडायचे असतील तर रॉडचा नंबर पातळ तुकडा ठरवतो.

आधी जातीचं बोलू, म्हणजे कुठला रॉड. पाकिटावर ६०१३ लिहिलेलं असतं ना, त्यातलं ६० म्हणजे ६०,००० पाउंड दर चौरस इंच, तेच वर म्हटलेले ४२ किलो. तिसरा आकडा १, म्हणजे सपाट, उभं, डोक्यावर, कुठल्याही पोझिशनला चालतो. शेवटचा ३ वरच्या कोटिंगबद्दल सांगतो, हे रुटाइलचं कोटिंग, एसी-डीसी दोन्हीवर चालणारं. आपल्या भारतीय स्टँडर्डप्रमाणे, आयएस ८१४, पाकिटावर ईआर ४२११ असंही लिहिलेलं दिसेल, त्यातला आर रुटाइलचा आणि पहिला आकडा ४ ताकदीचा. गेटचं लोखंडसुद्धा साधारण तेवढ्याच ताकदीचं असतं, म्हणजे जोडी बरोबर जमते. आर्क सहज लागते, खोल खणत नाही, खपली बऱ्याचदा आपली आपणच उचलून येते. पातळ कामाला खोल न खणणं हाच गुण आहे.

७०१८ का नाही, असं मला आयटीआयमधून नवीन आलेल्या पोराने विचारलं, आणि प्रश्न चांगला होता. तो लो-हायड्रोजन रॉड, पुलाच्या आणि बॉयलरच्या कामाचा, टाका चिवट होतो हे खरंच आहे. पण त्याचं कोटिंग कोरडं असेल तरच. पाकीट उघडून दमट हवेत राहिला की वापरायच्या आधी तो ३०० ते ३५० डिग्रीला तास-दोन तास भाजून काढायचा असतो, आणि आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं, तिथे ओव्हनशिवाय ७०१८ ठेवणं म्हणजे जे विकत घेतलं तेच वाया घालवणं. त्यात जुन्या छोट्या एसी मशीनवर तो धड पेटतही नाही, त्याला सुरुवातीचा व्होल्टेज जास्त लागतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपल्या भानगडीत टाका तुटलाच नव्हता, मग चिवट टाका घेऊन काय करणार, ०.८ एमएमची भिंत तर तेवढीच राहणार.

सेल्युलोजचे रॉड, ६०१० आणि ६०११, गंज-रंगातूनही खणत जातात म्हणून कुणी सुचवतं. ते खणतात म्हणूनच इथे नकोत, पातळ पाइपला भोक पाडून मोकळे होतील. गंज ग्राइंडरने काढायचा, रॉडने नाही.

एक ठिकाणी मात्र मी ६०१३ वर थांबून विचार करतो, ते म्हणजे बिजागरीची पिन. कधीकधी कुणीतरी पिन म्हणून एखाद्या मशीनचा शाफ्टचा तुकडा बसवलेला असतो आणि त्यात कार्बन जास्त असतो. ग्राइंडर हलकेच लावून ठिणग्या बघायच्या. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब सरळ रेघांसारख्या जातात, फुटतात कमी, कार्बन जास्त असेल तर टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. तशी पिन ६०१३ ने थंडगार वेल्ड केली तर टाक्याजवळ ती कडक होऊन तडकते, कधी दुसऱ्या दिवशी. मी ती पिन काढून साध्या एमएसची बसवतो, विषय संपला.

आता नंबर. दुकानात आपण बारा नंबर, दहा नंबर, आठ नंबर म्हणतो ते जुने गेज, नंबर जितका मोठा तितका रॉड बारीक. बारा म्हणजे २.५ एमएम, दहा म्हणजे ३.१५, आठ म्हणजे ४. त्याखाली २ एमएमचा येतो, त्याला चौदा नंबर म्हणतात, तो खेड्यातल्या दुकानात नेहमी मिळत नाही म्हणून मी तालुक्याला गेलो की दोन पाकिटं आणून ठेवतो. करंटचा माझा अंदाज असा, २ एमएमला ४० ते ६०, २.५ ला ६० ते ९०, ३.१५ ला ९० ते १३०. पाकिटावर छापलेलं असतंच, ते आधी वाचावं. म्हणजे बघा, दहा नंबरचा रॉड अगदी मंद चालवला तरी ९० अँपिअरला, आणि दोन एमएमच्या गंजक्या पाइपला ९० खूप झाले. करंट कमी करून जाड रॉड पातळ कामाला वापरू असं म्हणून चालत नाही, रॉड चिकटतो, नाहीतर वर ढिगासारखा बसतो आणि खाली धरलेलाच नसतो. करंट कमी पाहिजे असेल तर रॉडच बारीक घ्यायचा.

या गेटला मी चौदा, दहा आणि बारा असे तीन नंबर वापरले, आणि प्रत्येकाची जागा वेगळी होती.

आधी फाटलेला भाग. पाइपच्या त्या तोंडावर हातोडीने ठोकत खालीवर गेलो, चांगल्या पाइपचा आवाज टणक येतो, खाल्लेल्याचा फदफद येतो. तीन इंचांचा तुकडा गेलेलाच होता, तो चौकोनी कापून काढला आणि त्याच मापाचा नवीन २ एमएम पत्रा बसवला, फट एमएमभरापेक्षा कमी ठेवून. सभोवती जुना पाइप दीड एमएमच्या आसपास होता म्हणून इथे चौदा नंबर, ४५-५० अँपिअर, इन्व्हर्टर मशीनला होल्डर मायनसला लावून. रॉड मायनसला असला की उष्णता रॉडच्या बाजूला जास्त राहते आणि पत्रा वाचतो, ६०१३ ला हे चालतं. सलग रन नाही मारला, अर्धा-पाऊण इंच मारायचा, उचलायचं, लाल कमी झालं की समोरच्या बाजूला मारायचं. मग टाका सपाट घासून घेतला.

दुसरं, ती मध्यभागी उभी राहणारी पट्टी. तिला आता थेट पाइपवर लावायचं नाही असं ठरवलं होतं. ३२ बाय ५ चा फ्लॅट घेतला, २०० एमएम लांब, आणि बिजागरी त्या फ्लॅटवर टेबलावरच वेल्ड केली, पाइपपासून दूर. इथे ८ एमएमची पट्टी आणि ५ एमएमचा फ्लॅट, म्हणजे दहा नंबर रॉड, ११० अँपिअर, इथे तो शोभतो. जाड कामाला बारीक रॉडने कमी करंटवर मारलं तर उलटी चूक होते, टाका वरवर चिकटतो आणि एक दिवस साल निघावी तसा निघतो. वेल्ड झाल्यावर फ्लॅट धनुष्यासारखा वाकला, तो वाकतोच, थंड झाल्यावर ऐरणीवर ठोकून सरळ केला, नाहीतर पुढे पाइपवर बसताना मध्ये फट राहते आणि ती फट भरायच्या नादात पाइप जळतो.

तिसरं, फ्लॅट पाइपवर. ३२ चा फ्लॅट ४० च्या तोंडावर ठेवला की दोन्ही कडांना चार-चार एमएम उरतात, म्हणजे टाका पाइपच्या कोपऱ्याजवळ पडतो, आणि कोपऱ्याला मागून बाजूच्या भिंतीचा आधार असतो. झाकणासारखं आतबाहेर होणं तिथे संपतं. इथे बारा नंबर, ६५ ते ७०. आधी त्याच पाइपच्या कापलेल्या तुकड्यावर फ्लॅटचा तुकडा ठेवून दोन टाके मारून बघितले, हे मी आता कधी सोडत नाही. कारण डायलवरचा आकडा आणि रॉडच्या टोकाला पोचणारा करंट एकच असेल असं नाही, आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतो आणि लांब बारीक एक्स्टेन्शन वायर असेल तर अजून कमी पोचतो. तुकड्यावर कळतं. रॉड सारखा चिकटतोय आणि टाका दोरीसारखा उंच गोल बसतोय म्हणजे कमी आहे. खूप ठिणग्या, रॉड अर्ध्यातच लाल, आणि कडेला नाली म्हणजे जास्त. बरोबर असलं की गरम तव्यावर भाजी परतल्यासारखा एकसारखा चर्र आवाज राहतो आणि टाक्याच्या कडा पाइपमध्ये विरघळून गेल्यासारख्या दिसतात.

चार कोपऱ्यांना चार टाके मारून थांबलो. वरच्या आणि खालच्या बिजागरीच्या बुशमधून एक सरळ लांब सळई घालून बघितली, दोन्ही एका रेषेत आहेत की नाही ते, कारण थोडा जरी फरक असला तरी गेट अर्ध्यावर अडतं आणि मग लोक ते ढकलतात आणि तो सगळा जोर आपल्या टाक्यावर येतो. दीड-दोन एमएमचा फरक निघाला, एका बाजूचे टाके कापून परत लावले. मग दीड-दीड इंचाचे रन, एकदा डावीकडे वर, मग उजवीकडे खाली, असं फिरत फिरत. आर्क फ्लॅटवर जास्त आणि पाइपवर कमी, तीन हिस्से आणि एक हिस्सा असं समजा, फ्लॅट वितळला की तो रस आपोआप पाइपवर उतरतो, तिथे नुसतं टेकवायचं. फ्लॅटच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आडवा टाका मुद्दाम मारला नाही, पातळ पाइपवर आडवी रेघ मारली की पुढची चीर बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. ती फट नंतर सीलंटने बुजवली, पाणी जाऊ नये म्हणून.

हे सगळं मी पल्ला उतरवून आडवा टाकून केलं. उभ्या गेटवर जागेवरच मारायचं असेल तर पातळ पाइपला वरून खाली ओढतात, ते जळत नाही पण ६०१३ ची खपली रसाच्या पुढे धावते आणि आत अडकते, वरून टाका चांगला आणि आत काळी पोकळी. बिजागरीसारख्या जोराच्या जागी मला ते पटत नाही. चार माणसं लावून गेट उतरवायला अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा.

मध्येच एक पाकीट दमट निघालं, रॉड मारताना फटफट आवाज आणि टाक्यावर बारीक भोकं, सुईने टोचल्यासारखी. ६०१३ ला थोडी ओल चालते, उलट अगदी कोरडाठाक केला तर तोही नीट जळत नाही, पण इतकी नाही. शंभर-एकशे दहा डिग्रीला तासभर ठेवले की सुधारतात. कोटिंग बोटाने सुटत असेल किंवा आतली तार गंजली असेल तर ते रॉड टाक्यालाही वापरू नयेत. मी उघडी पाकिटं आता झाकणाच्या डब्यात ठेवतो, आत एक साधा बल्ब लावून.

दोन गोष्टी त्या पोराला मी तिथेच दाखवल्या. अर्थिंगचा चिमटा पल्ल्याच्या फ्रेमला, टाक्याजवळ, बिजागरीच्या दुसऱ्या बाजूला कधीच नाही, नाहीतर करंट पिन आणि बुशमधून जातो, तिथे ठिणग्या पडून खड्डे पडतात आणि नवीन बिजागरी महिन्याभरात करकरायला लागते. आणि चौकोनी पाइप सगळीकडून बंद असेल तर शेवटचा टाका बंद होताना आतली गरम हवा रस बाहेर फुंकते, तिथे भोक बुजतच नाही, कितीही मारा. पाइपच्या अगदी खालच्या टोकाला ६ एमएमचं एक भोक आधीच पाडायचं. या गेटला ते नव्हतंच. भोक पाडलं आणि आतून चहासारखं तांबडं पाणी आलं, पेलाभर तरी. पाइप आतून का गेला याचं उत्तर ते होतं.

काकूंना तो कापलेला तुकडा दाखवला, जुना टाका शाबूत आणि बाजूला फाटलेली भिंत. त्यांनी तो हातात फिरवून बघितला आणि विचारलं, "म्हणजे तू जास्त लावलंस म्हणून तुटलं?" मी म्हटलं, हो काकू, तसंच. मजुरी घेतली नाही, फक्त फ्लॅट आणि पत्र्याचे पैसे घेतले.

रेड ऑक्साइडचे दोन हात, वर रंग, आणि पल्ला बसवून आलो. गणपतीत त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा आरतीच्या आधी बिजागरीपाशी वाकून मोबाइलच्या उजेडात टाक्याच्या कडा बघून घेतल्या. रंगात केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर समजायचं की खाली चीर सुरू झाली. रेघ नव्हती. खालच्या भोकात कोळ्याने जाळं केलं होतं, ते काडीने साफ करून आत गेलो.